चार्जिंग कनेक्टर (विद्युत मोटार)

चार्जिंग गनचे तोंड आणि गाडीवरचे सॉकेट मिळून जो जोड तयार होतो, त्याला चार्जिंग कनेक्टर म्हणतात. पेट्रोलची नळी कुठल्याही गाडीत जाते, पण विजेच्या गाड्यांचे तसे नाही. जगात आज अशा जोडांचे पाच-सहा प्रकार चालू आहेत आणि ते एकमेकांत बसत नाहीत. भारतात नव्या मोटारींपुरता प्रश्न बराचसा मिटला आहे, कारण जवळजवळ सगळ्या गाड्या सीसीएस-२ या प्रकारावर स्थिरावल्या आहेत. जुन्या टॅक्सी आणि सरकारी ताफ्यातून विकायला निघालेल्या गाड्यांच्या बाबतीत मात्र कनेक्टर पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. काही थोड्या लहान गाड्यांत डीसीची सोयच नसते, तेही आधी पाहावे लागते.

मुळात फरक एसी आणि डीसी यांचा आहे. बॅटरी फक्त डीसी घेते. एसी पॉइंटवर गाडी लावली की एसीचे डीसी करण्याचे काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो, आणि त्याची जेवढी ताकद तेवढाच वेग मिळतो. डीसी फास्ट चार्जरमध्ये हे रूपांतर बाहेरच्या मोठ्या कपाटात होते आणि वीज थेट बॅटरीकडे जाते. बहुतेक जोडांत दोन्ही कामांना वेगवेगळ्या पिना लागतात, म्हणून कनेक्टर ओळखताना दोन प्रश्न विचारायचे: एसीसाठी काय आहे, आणि डीसीसाठी काही आहे का?

भारतात आणि युरोपात एसीसाठी टाइप-२ वापरतात. मेनेकेस या जर्मन कंपनीने मांडलेल्या रचनेवरून तो आला, म्हणून त्याला मेनेकेस प्लगही म्हणतात. गाडीचे झाकण उघडल्यावर वरून सपाट कापलेले वर्तुळ दिसते आणि त्यात सात जागा असतात. वरच्या ओळीत दोन बारीक पिना, मधल्या ओळीत तीन जाड आणि खाली दोन जाड. जाड पिनांपैकी मधली अर्थिंगची, बाकीच्या चार तीन फेज आणि न्यूट्रलच्या. वरच्या दोन बारीक पिनांतून वीज वाहत नाही, त्या निरोपाच्या आहेत. एकीवरून केबल बसली आहे का आणि ती किती अँपिअर झेपते हे कळते. दुसरीवरून चार्जर गाडीला किती प्रवाह ओढता येईल ते सांगतो. हा निरोप जुळल्याशिवाय जाड पिनांत वीज सोडली जात नाही, त्यामुळे नुसती लोंबकळणारी गन हातात धरली तरी झटका बसत नाही. सिंगल फेजवर चालणाऱ्या गाडीत खालच्या दोन जागा रिकाम्या असू शकतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

याच टाइप-२ च्या खाली दोन मोठ्या डीसी पिना जोडल्या की सीसीएस-२ होतो. सीसीएस म्हणजे एकत्र केलेली चार्जिंग पद्धत. गाडीवर एकच सॉकेट असते: वरचा भाग एसीचा, खालचा डीसीचा. एसीची साधी टाइप-२ गन वरच्या भागात बसते आणि सीसीएस-२ ची जाडजूड गन दोन्ही भाग व्यापते. उलटे मात्र शक्य नाही. नुसते टाइप-२ सॉकेट असलेल्या गाडीत सीसीएस-२ ची गन शिरतच नाही, कारण खाली जागा नसते. फास्ट चार्जरच्या गनच्या वरच्या भागात सातऐवजी तीनच संपर्क दिसले तर ती बिघडली आहे असे समजू नये. डीसी देताना तिला वरच्या भागात अर्थिंगची एक आणि निरोपाच्या दोन एवढ्याच पिना पुरतात.

ओळखताना सर्रास होणारी गफलत रबरी बुचाची आहे. अनेक गाड्यांत बाहेरचे झाकण उघडल्यावर खालच्या डीसी पिनांवर वेगळे बूच असते. ते न काढता पाहिले तर टाइप-२ एवढेच दिसते आणि ‘गाडीला फास्ट चार्जिंग नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून बूच काढूनच पाहावे. याच्या उलट टोकाला एमजी कॉमेट आहे. २०२३ मध्ये आलेल्या या लहान गाडीत खरोखरच नुसते टाइप-२ आहे. सुरुवातीला तिला ३.३ किलोवॅटचा ऑनबोर्ड चार्जर होता, २०२४ मध्ये काही आवृत्त्यांना ७.४ किलोवॅटचा मिळाला. तोही एसीच. ‘फास्ट चार्जिंग’ हे शब्द जाहिरातीत आले म्हणजे डीसी आले असे नाही.

जुन्या गाड्यांची गोष्ट २०१७ सालापासून सुरू होते. त्या वर्षी केंद्राने भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ अशी दोन देशी मानके पुढे आणली, आणि ईईएसएल या सरकारी कंपनीने सरकारी ताफ्यांसाठी दहा हजार विद्युत मोटारींची निविदा काढली. त्यातून महिंद्रा ई-व्हेरिटो आणि टाटा टिगोर ईव्ही रस्त्यावर आल्या. या गाड्यांची बॅटरी ७२ व्होल्टची होती. डीसी-००१ चार्जर जास्तीत जास्त २०० अँपिअर देतो, म्हणजे ७२ × २०० = १४,४०० वॅट, सुमारे १५ किलोवॅट. त्याची गन चिनी जीबी/टी मानकाची आहे. तोंड गोल, मध्ये शेजारी-शेजारी दोन मोठे डीसी संपर्क आणि भोवती लहान, एकूण नऊ. टाइप-२ ची सपाट कडा इथे नाही, त्यामुळे एकदा पाहिले की गोंधळ होत नाही. एसी-००१ च्या खोक्यात मात्र कारखान्यातले निळे औद्योगिक सॉकेट असते, १५ अँपिअरचे, प्रत्येकी ३.३ किलोवॅटचे.

आता समजा, पुण्यात कोणी जुनी टिगोर ईव्ही घ्यायला निघाला आहे. नाव एकच, पण गाड्या दोन. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीत २१.५ किलोवॅट-तासांची कमी व्होल्टची बॅटरी आणि डीसी-००१ होते. ऑगस्ट २०२१ मध्ये झिपट्रॉन नावाच्या नव्या यंत्रणेसह जी टिगोर आली, तिला २६ किलोवॅट-तासांची तीनशे व्होल्टच्या वरची बॅटरी आणि सीसीएस-२ मिळाले. खरेदीदाराने आधी आरसीवरचे उत्पादन वर्ष पाहावे, पण तिथेच थांबू नये. ताफ्यांसाठी एक्सप्रेस-टी या नावाने विकलेल्या सेडान २०२१ नंतरही जुन्या पद्धतीच्या बॅटरीसह निघाल्या आहेत. खरे उत्तर झाकणामागेच मिळते: सपाट माथ्याच्या वर्तुळाखाली दोन मोठ्या पिना दिसल्या तर सीसीएस-२, गोल तोंडात नऊ संपर्क दिसले तर डीसी-००१. गाडी विक्रेत्याकडे असेल आणि फोटोच मिळणार असेल तर झाकण आणि बूच दोन्ही उघडून काढलेला फोटो मागावा.

डीसी-००१ निघाली तर पुढचा प्रश्न हमखास येतो, अ‍ॅडॉप्टर लावून चालेल का? नाही, आणि कारण केवळ पिनांचे नाही. सीसीएस-२ चे बहुतेक चार्जर दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली उतरतच नाहीत, तर ही बॅटरी ७२ व्होल्टची. शिवाय दोघांची भाषा वेगळी आहे. जीबी/टी कॅन नावाच्या वेगळ्या संदेशवाहक वायरींवरून बोलते, सीसीएस निरोपाच्या पिनेवरूनच उच्च वारंवारतेचे संदेश पाठवते. अशी गाडी घेणाऱ्याने घरच्या चार्जिंगवरच भागेल असे धरून चालावे.

महामार्गावरच्या जुन्या स्टेशनांवर एकाच ठिकाणी चार-पाच तऱ्हेच्या गन दिसतात त्यामागेही हाच काळ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने सार्वजनिक स्टेशनावर सीसीएस, चाडेमो हा जपानी डीसी जोड, टाइप-२, डीसी-००१ आणि एसी-००१ हे सगळे ठेवायला सांगितले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ही सक्ती काढून निवड स्टेशन चालवणाऱ्यावर सोपवली. चाडेमोवर झालेला खर्च तर फुकटच गेला म्हणायचा, कारण ती वापरणारी गाडी भारताच्या बाजारात रुळलीच नाही.

गन बसली तरी छापील आकड्याएवढा वेग मिळेलच असे नाही. एसी पॉइंटवर ‘२२ किलोवॅट’ लिहिलेले असते ते तीन फेजचे: २३० व्होल्ट × ३२ अँपिअर × ३. सिंगल फेजच्या गाडीला त्यातली एकच फेज मिळते, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ७.४ किलोवॅट, आणि ऑनबोर्ड चार्जर ३.३ चा असेल तर तेवढेच. २०२० सालच्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी ३.३ किलोवॅटवर भरायला नऊ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, पॉइंट कितीही मोठा असला तरी. तेव्हा कनेक्टरच्या जोडीला मॅन्युअलमधला ऑनबोर्ड चार्जरचा आकडाही पाहून ठेवावा.

भारताबाहेर चित्र बदलते. अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात सीसीएस-१ वापरत आले आहेत. त्याचा वरचा भाग पूर्ण गोल असतो आणि त्यात पाच पिना असतात, त्यामुळे सपाट माथ्याच्या सीसीएस-२ पासून तो लगेच वेगळा कळतो. टेस्लाचा स्वतःचा लहान, सडपातळ जोड नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने सर्वांसाठी खुला केला आणि एनएसीएस हे नाव दिले. पुढच्या वर्षी फोर्ड आणि जनरल मोटर्सने तो स्वीकारला. त्यात दोन मोठ्या, एक मध्यम आणि दोन बारीक अशा पाचच पिना असून त्याच दोन मोठ्या पिना एसी आणि डीसी दोन्हींना चालतात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात जुनी गाडी घेणाऱ्या मराठी कुटुंबाला म्हणूनच वर्ष आणि मॉडेल दोन्ही तपासावे लागते. एकाच मॉडेलने मधल्या वर्षात जोड बदललेला असू शकतो. निसान लीफ हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या जुन्या आवृत्त्यांत एसीचे आणि चाडेमोचे अशी दोन सॉकेटे शेजारी-शेजारी असत, तिसऱ्या पिढीत चाडेमो गेले. टेस्लाचे नाव पाहून एनएसीएस धरणेही चुकीचे ठरते. मुंबईत जुलै २०२५ पासून विकली जाणारी मॉडेल वाय सीसीएस-२ घेते, युरोपातलीही तेच घेते.

चीनमध्ये जीबी/टीची एसी आणि डीसी अशी दोन वेगळी सॉकेटे असतात. तिथले एसी सॉकेट दिसायला थेट टाइप-२ सारखे, फक्त उलटे: टाइप-२ मध्ये पिना गाडीवर आणि छिद्रे गनमध्ये, जीबी/टीत पिना गनमध्ये आणि छिद्रे गाडीवर. आकार सारखा दिसतो म्हणून ढकलून बसवायचा प्रयत्न केला तर पिना वाकतात.

अ‍ॅपवर स्टेशन शोधताना गाळणीत CCS2 आणि Type 2 हे दोन पर्याय वेगवेगळे असतात. सीसीएस-२ च्या गाडीला दोन्ही चालतात, कॉमेटसारख्या गाडीने फक्त Type 2 निवडावे. विजेच्या स्कूटरचे जोड हा वेगळाच विषय आहे. मोटारींच्या फास्ट चार्जरची गन त्यांना बसत नाही.