मायग्रेनसाठी गुलाबी चष्मा: घरात-ऑफिसात त्याचा उपयोग नेमका किती?

मायग्रेनवाल्यांना उजेड खुपतो हे त्यांच्या घरच्यांनाही माहीत असतं, आणि त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणून लोक काय करतात तर सरळ काळा गॉगल घालून घरात बसतात. त्या क्षणी बरं वाटतं, पण रोज असं केलं तर डोळा अंधाराला सरावतो आणि गॉगल काढला की साधा उजेडही जास्त टोचतो. हिशोब करून बघा. ऑफिसच्या टेबलावर समजा 500 लक्स उजेड आहे. बाहेर घालायचे नेहमीचे गडद गॉगल 8 ते 18 टक्केच प्रकाश आत सोडतात. 15 टक्के धरला तर डोळ्यासाठी ते टेबल 75 लक्सचं झालं, आणि दिवसभर तसं बसून गॉगल काढला की एकदम जवळपास सातपट उजेड अंगावर येतो.

मग गुलाबी काचा कशाला? त्यांचं काम सगळा उजेड कमी करणं नाही, ठराविक रंग कमी करणं आहे. डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात, त्या बघण्यापेक्षा उजेड किती आहे हे मोजायचं काम जास्त करतात आणि 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरवट प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात. 2010 साली बोस्टनमधल्या संशोधकांनी मायग्रेन असलेल्या अंध लोकांवर एक अभ्यास केला. ज्यांना चित्र दिसत नव्हतं पण उजेडाची जाणीव होती त्यांचं डोकं प्रकाशाने वाढायचं, ज्यांना उजेडच कळत नव्हता त्यांचं वाढत नव्हतं. म्हणजे दुखणं वाढवायला "दिसणं" लागतंच असं नाही, त्या पेशी पुरतात.

एफएल-41 हा गुलाबी टिंट मुळात ट्यूबलाइटचा त्रास होणाऱ्यांसाठी आला आणि तो नेमका याच पट्ट्यातला प्रकाश बराच गाळतो. 1991 साली मायग्रेन असलेल्या मुलांवर त्याची चाचणी झाली, काहींना गुलाबी चष्मा, काहींना निळा. पहिल्या महिन्यात दोन्ही गटांना बरं वाटलं (नवा चष्मा मिळाला की असं होतंच!), पण चार महिन्यांनी फायदा गुलाबीवाल्यांचाच टिकला, महिन्याला सरासरी 6.2 अटॅक यायचे ते 1.6 वर आले. आकडा भारी आहे पण चाचणी अगदी छोटी होती, त्यामुळे "सगळ्यांचे अटॅक इतके कमी होतील" असं कोणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

कॉम्प्युटरसाठी म्हणून मिळणारे पारदर्शक "ब्लू कट" चष्मे मात्र वेगळं प्रकरण आहे, ते प्रामुख्याने 450 च्या खालचा निळा थोडासा कापतात, 480 ला जवळजवळ हात लावत नाहीत. आणि गुलाबी दिसला म्हणजे एफएल-41 असंही नाही हं, दोन काचा डोळ्याला सारख्याच गुलाबी दिसतात आणि 480 ला एक निम्मा प्रकाश सोडते, दुसरी जवळपास सगळा. म्हणून दुकानात रंग बघू नका, कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश आत येतो तो आलेख मागा, नसेल तर दुसरीकडे जा.

आता मर्यादा. समजा चांगला टिंट घेतला तरी ऑफिसात दुपारपर्यंत डोकं धरतंच. आधी फ्रेम बघायची. छोट्या काचांच्या वरून आणि बाजूने छताच्या दिव्याचा उजेड न गाळता आत येतो, आणि मागे खिडकी असेल तर काचेच्या आतल्या बाजूवर तिचं प्रतिबिंब चमकतं. तळहात कपाळाला लावून छपरासारखा धरा, लगेच बरं वाटलं तर दोष काचेचा नाही, फ्रेमचा आहे. मोठी, चेहऱ्याला बसणारी फ्रेम आणि मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग लागेल.

तरी फरक नाही? मग दिवा लुकलुकतोय का बघा. जिथे वीज 50 हर्ट्झची असते तिथे जुन्या चोकची ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात, नजरेला कळत नाही पण काहींच्या डोक्याला कळतं. दिव्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. जुन्या ट्यूबमध्ये निळा भाग जास्त लुकलुकतो म्हणून गुलाबी काच तिथे थोडी मदत करायची, पण एलईडीचे सगळे रंग जवळपास एकाच तालात कमी-जास्त होतात, काच उजेड कमी करेल, लुकलुक तशीच राहील. त्यातही गंमत अशी की नेहमीच्या पांढऱ्या एलईडीमध्ये 480 च्या आसपास आधीच खळगा असतो, त्यामुळे तिथे टिंटला गाळायला मालच कमी मिळतो! अशा वेळी दिवा बदलणं किंवा जागा बदलणं हाच उपाय.

चष्मा घेतल्यावर निदान दोन-तीन महिने अटॅकची तारीख आणि त्या दिवशी घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवा, आधीच्या महिन्यांची नोंद असेल तर उत्तमच, कारण पहिल्या महिन्यातल्या "बरं वाटतंय" वर काही ठरवता येत नाही. रात्री गाडी चालवताना हा चष्मा नको. आणि उजेडाचा त्रास अचानक नव्याने सुरू झाला, सोबत डोळा लाल होऊन दुखतोय किंवा ताप येऊन मान आखडलीये, तर टिंटचा विचार बाजूला ठेवून आधी तातडीने डॉक्टरकडे जा.