फोटोच्या पोटातला पत्ता

घरातला जुना सोफा विकण्यासाठी त्याचा फोटो काढला, तर त्यात भिंत, पडदा आणि सोफा एवढेच दिसते. पण कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर त्याच फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाची नोंद असते आणि तिच्यात तारीख, वेळ, फोनचे मॉडेल यांच्याबरोबर अक्षांश-रेखांशही अंश, मिनिटे आणि सेकंदांत लिहिलेले असतात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर, आणि फोन त्या सेकंदाचेही अपूर्णांक नोंदवतो. घरात उपग्रहाचा संकेत क्षीण होतो, त्यामुळे थोडी चूक पडते आणि मजला भरवशाने कळत नाही. इमारत मात्र पुष्कळदा सापडते.

डिसेंबर 2012 मध्ये बेलीझमधून पळालेले संगणक-उद्योजक जॉन मॅकाफी यांचा ठावठिकाणा असाच फुटला. एका नियतकालिकाने त्यांच्यासोबतचा फोटो प्रसिद्ध केला आणि त्यातले अक्षांश-रेखांश वाचून लोकांनी ते ग्वाटेमालात असल्याचे ओळखले.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यात ही नोंद गळून पडते. गंमत अशी, की फोटो फिका पडू नये म्हणून आपण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो, तेव्हा मूळ फाइल नोंदीसकट जाते, ईमेलचेही तेच. यावर मुळातला उपाय म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी काढणे. आधीच काढलेल्या फोटोसाठी संगणकावर `exiftool` ही मोफत आज्ञावली वापरता येते:

```
exiftool -all= sofa.jpg
exiftool sofa.jpg
```

पहिली ओळ नोंद पुसते आणि दुसरी उरलेले दाखवते; त्यात `GPS` ने सुरू होणारी एकही ओळ दिसता कामा नये. मात्र ही आज्ञावली मूळ फाइल `sofa.jpg_original` या नावाने शेजारीच ठेवते, आणि घाईत नेमकी तीच पाठवली जाऊ शकते. शिवाय फोटो कोणत्या बाजूने धरायचा ही खूणही पुसली जात असल्याने तो कधी कधी आडवा दिसतो.

एवढे करूनही चित्रात जे दिसते ते तसेच राहते. सोफ्यामागच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत असेल, किंवा कोपऱ्यात कुरियरचे खोके लेबलसकट पडले असेल, तर अक्षांशांची गरजच उरत नाही. प्रोफाइलमधले तपशीलही एकेकटे निरुपद्रवी वाटतात: एका ठिकाणी कंपनीचे नाव, दुसरीकडे गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो, तिसरीकडे रोजच्या ठरलेल्या लोकलची आणि स्टेशनची तक्रार. सर्व ठिकाणी एकच टोपणनाव आणि एकच फोटो असला, की अनोळखी माणूस हे तुकडे जोडून संध्याकाळी कोणत्या फाटकाशी उभे राहायचे हे ठरवू शकतो. म्हणून कंपनीऐवजी फक्त व्यवसाय लिहावा, स्टेशनऐवजी शहर लिहावे, आणि नोकरीच्या प्रोफाइलवरचा फोटो व टोपणनाव खासगी खात्यावर वापरू नये.