मॅक 1 म्हणजे ताशी 1225 किलोमीटर? उंचीवर नाही

14 ऑक्टोबर 1947 रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर एका रॉकेट विमानाने सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला. उंची सुमारे 13 किलोमीटर, मॅक 1.06, म्हणजे तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या 1.06 पट, वेग ताशी सुमारे 1127 किलोमीटर. पण ध्वनीचा वेग म्हणून जो 1225 हा आकडा सगळीकडे दिला जातो, त्याहून हा शंभराने कमी आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. 1225 हा समुद्रसपाटीचा, 15 अंश तापमानाचा. त्या उंचीवर प्रमाण तापमान उणे 56.5 अंश असतं आणि तिथे ध्वनी ताशी 1062 किलोमीटरनेच जातो.

वर हवा विरळ असते म्हणून ध्वनी मंदावतो, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. दाब आणि घनता जवळपास एकाच प्रमाणात घटतात आणि हिशेबात एकमेकांना खोडतात. उरतं फक्त तापमान. ध्वनिलहरीत दाबली जाणारी हवा तापते हे लक्षात न घेतल्याने सतराव्या शतकातला हिशेब सुमारे 15 टक्क्यांनी कमी आला होता, तो एकोणिसाव्या शतकात दुरुस्त झाला. मॅक संख्या हे नाव मात्र 1929 सालचं.

आजचा व्यवहारातला हिशेब असा:

```
V = M × 72.17 × √T
```

M म्हणजे मॅक संख्या, T म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान केल्व्हिनमध्ये (सेल्सिअस + 273.15), V ताशी किलोमीटरमध्ये. 11 किलोमीटर उंचीवर मॅक 0.85 ने जाणारं प्रवासी विमान घ्या. उणे 56.5 म्हणजे 216.65 केल्व्हिन, त्याचं वर्गमूळ 14.72, ध्वनीचा वेग 1062, विमानाचा 903. 1225 ने गुणलं तर 1041 येतात, म्हणजे तब्बल 138 जास्त. उष्ण कटिबंधात त्याच उंचीवर उणे 45 अंश असले, तर तेच मॅक 0.85 ताशी 927 होतं. म्हणून तापमान न सांगता केलेलं रूपांतर अपुरंच.

खरी गफलत तापमान कुठून घ्यायचं यात होते. मॅकमापक फक्त दाबांच्या गुणोत्तरावर चालतो, त्याला तापमान लागत नाही; ते वेगळं आणावं लागतं. विमानाबाहेरच्या तापमापीवर समोरून येणारी हवा आदळून थांबते आणि तापते. मॅक 0.85 ला केल्व्हिन तापमान `1 + 0.2 × M²`, म्हणजे 1.1445 पट होतं. त्यामुळे खरे उणे 56.5 असताना तापमापी उणे 25 च्या आसपास दाखवते. हाच आकडा सूत्रात टाकला तर 903 ऐवजी 966 येतात. आधी त्याला 1.1445 ने भागायला हवं, तेही केल्व्हिनमध्ये. 11 किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे 25 वाचलीत, तर ते तापलेल्या हवेचं वाचन समजा.

यातून मिळतो तो हवेतला वेग. पाठीशी ताशी 100 किलोमीटरचा वारा असला तर सीटसमोरच्या पडद्यावर 903 ऐवजी 1003 दिसतील, मॅक तेवढाच राहील.