पार्श्वभूमी : कपडे बदलले, मागचा देखावा बदलला, पण चेहरा खरंच तोच राहिला का?

नागपुरात लग्नसराई तोंडावर आली की फोटो दुरुस्तीची एक ठरलेली मागणी येते. बायोडेटासाठी फोटो आहे, मुलीचा चेहरा छान आलाय, पण मागे गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते आणि अंगात घरातला कुर्ता आहे. तेवढं बदलून द्या, चेहऱ्याला मात्र हात लावू नका. आज बदलायच्या भागावर मास्क रंगवून हे काम संगणकावर दहा मिनिटांत होतं. पण ‘हात लावू नका’ ही अट पाळली गेली की नाही, यावर या कामातल्या लोकांत अजून एकमत नाही आणि त्याचं मूळ गेल्या काही वर्षांत तंत्र कसं बदललं त्यात आहे.

स्टुडिओत रंगवलेला पडदा मागे टांगायचे तेव्हा हा प्रश्नच नव्हता. जे बदलायचं ते फोटो काढण्याआधी बदलायचं. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग व्हायचं, पण ते तर चेहऱ्यावरच. पुढे संगणकावर थर आणि थराचे मास्क आले, 1990च्या दशकाच्या मध्यापासून. तिथे हिशोब सरळ होता. मास्क काळा असेल तिथे वरचा थर लपतो आणि खालचा मूळ फोटो दिसतो. चेहरा तोच राहायचा, कारण त्याच्यावर कुठली क्रियाच व्हायची नाही.

‘इनपेंटिंग’ हे नाव डिजिटल फोटोच्या कामात 2000 साली रूढ झालं. तेव्हाचा हेतू ओरखडे, तारा, वर छापलेली अक्षरं काढण्याचा होता. भोकाच्या कडेवरच्या रेषा आत ओढत न्यायच्या, इतकंच. दहा वर्षांनी त्याच फोटोतले तुकडे उचलून भोक बुजवणारी साधनं आली. त्यांनी टाकी पुसली जायची, पण फोटोत नसलेली पैठणी कुठून आणणार? ती आली 2022च्या ऑगस्टनंतर, जेव्हा वर्णन वाचून चित्र काढणारी डिफ्यूजन मॉडेलं घरच्या संगणकावर चालायला लागली. मूळ वाद तिथूनच सुरू होतो.

ही मॉडेलं फोटोवर थेट काम करत नाहीत. आधी एन्कोडर फोटोला आकसतो: 8 गुणिले 8 पिक्सेलच्या चौकोनाची जागा एक घर घेतं आणि पहिल्या पिढीच्या मॉडेलांत त्या घरात फक्त 4 आकडे असतात. मूळ चौकोनात 64 पिक्सेलांचे प्रत्येकी 3 रंग धरून 192 आकडे होते, म्हणजे 48 पट आकुंचन. मास्क लावून काम होतं ते या आकसलेल्या रूपावर. शेवटी डीकोडर सगळं पुन्हा फुगवून फोटो बनवतो. सगळं, म्हणजे मास्कबाहेरचा चेहराही. त्या चेहऱ्याला मॉडेलने नवीन काही दिलेलं नसतं, तरी तो आकसून-फुगून आलेला असतो. पूर्णाकृती फोटोत चेहरा 96 पिक्सेल रुंद असेल, तर सगळी चेहरापट्टी आडव्या 12 घरांत मावलेली असते. मग पापण्यांच्या कडा विरतात, बुबुळातला उजेडाचा ठिपका सरकतो, टिकली जरा पसरते. बाहेरच्या माणसाला कळत नाही. आईला लगेच कळतं.

2022च्या शेवटाकडे खास इनपेंटिंगसाठी घडवलेली मॉडेलं आली. त्यांना प्रत्येक घरामागे नेहमीच्या 4 आकड्यांशिवाय झाकलेल्या फोटोचे 4 आणि मास्कचा 1, असे एकूण 9 आकडे मिळतात. मॉडेलला चेहरा ‘दिसतो’, त्यामुळे नवी कॉलर मानेला नीट जुळते. सांधे सुधारले, पण डीकोडरची अडचण जशीच्या तशी राहिली.

उपाय जुनाच आहे: निकाल तयार झाल्यावर चेहऱ्याच्या जागी मूळ पिक्सेल परत बसवायचे. काही साधनं हे आपोआप करतात. ComfyUIसारख्या नोड जोडून चालणाऱ्या साधनात मूळ पिक्सेल परत बसवणारा `ImageCompositeMasked` हा नोड आपण स्वतः लावला नाही तर डीकोडरचा चेहराच बाहेर पडतो. साध्या पायथनमध्ये ते इतकंच आहे:

```
from PIL import Image
juna = Image.open("juna.png").convert("RGB")
nava = Image.open("nava.png").convert("RGB")
mask = Image.open("mask.png").convert("L")
Image.composite(nava, juna, mask).save("shevat.png")
```

इथे पांढरं म्हणजे नवं, काळं म्हणजे जुनं. तिन्ही फाइलींचा आकार एकच हवा.

याला विरोध करणारे म्हणतात की परत बसवलेला चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. डीकोडरने आजूबाजूचा रंग किंचित हलवलेला असतो, कॅमेऱ्याचा कणीदारपणा गेलेला असतो आणि मधे अस्सल चेहरा. त्यापेक्षा सगळा फोटो एकजीव दिसलेला बरा. तक्रार खोटी नाही, पण ती सांध्याची तक्रार आहे, चेहऱ्याची नाही. सांधा कुठे घ्यायचा हे ठरवलं की ती बरीचशी मिटते.

वरचाच बायोडेटाचा फोटो घ्या. कपड्यांचा मास्क हनुवटीपर्यंत नेण्याचा मोह होतो. तो हनुवटीजवळ न नेता गळ्याच्या हाडाजवळ थांबवावा. मान मूळचीच ठेवली की हनुवटीखालची सावली खरी राहते आणि सांधा सपाट त्वचेवर पडतो. कड मऊ करायला मास्कला 4 पिक्सेलचा गॉसियन ब्लर दिला, तर तो कडेच्या दोन्ही बाजूंना साधारण 12 पिक्सेलपर्यंत पसरतो. म्हणून मास्कची कड जबड्यापासून तेवढी दूर हवी, नाहीतर ‘न रंगवलेल्या’ गालातही नवा रंग शिरतो.

केसांचं गणित उलटं आहे. तिथे 12 पिक्सेल सोडले तर टाकीमागच्या पांढऱ्या आभाळाची कड डोक्याभोवती तशीच राहते. तिथे मास्क बाहेरच्या बटांवर चढू द्यावा. सुटे केस मॉडेलने पुन्हा काढले तरी ओळख बिघडत नाही. कपाळावरच्या केसांना मात्र हात लावू नये.

पार्श्वभूमी आणि कपडे एकाच मास्कमध्ये घेऊ नयेत. कुर्त्याची पैठणी करायला `Denoising strength`, म्हणजे मूळ चित्र किती बदलू द्यायचं हे ठरवणारा आकडा, 0.8च्या वर लागतो; 0.5 ठेवला तर कुर्त्याचा निळा रंग पदरातून डोकावतो. आधी मागचा देखावा करावा आणि मूळ पिक्सेल परत बसवावेत. मग त्यावर कपडे करावेत, म्हणजे डीकोडरचा झटका एकावर एक साचत नाही. `Restore faces`ची खूण काढलेली असावी, कारण तिचं कामच चेहरा नव्याने काढणं आहे.

एक गोष्ट मास्कने सुटत नाही: उजेड. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी काढलेल्या फोटोत नाकाखाली काळी, धारदार सावली असते. मागे फुटाळा तलावावरची संध्याकाळ टाकली की चेहरा खोटा वाटतो, जरी त्याचा प्रत्येक पिक्सेल अस्सल असला तरी. तिथे चेहरा न बदलता देखावाच भर उन्हाचा मागावा, किंवा साधी भिंत घ्यावी.

खात्री डोळ्यांनी करू नये. जुना आणि नवा फोटो एकावर एक ठेवून वरच्या थराला दोन्हींतला फरक दाखवणारा `Difference` लावला की चेहरा ठार काळा दिसायला हवा. लेव्हल्स ओढून फरक उजळला तरी तिथे राखाडी ठिपके दिसले नाहीत तर चेहरा तोच आहे. ही तपासणी पीएनजीवरच होते. जेपीजी पुन्हा साठवली किंवा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आला की सगळेच पिक्सेल हललेले असतात आणि मास्कवाल्याचा दोष नसताना चेहऱ्यावर ठिपके उमटतात.