फोनवर धडा येणं आणि मॅडमचा फोन येणं

यवतमाळकडच्या कितीतरी घरांत बटनाचा एकच फोन असतो, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात, वावरात. अशा घरच्या पोरांना ‘फोनवर शिकवू’ असं आपण सहज म्हणतो. पण मिस्ड कॉल दिल्यावर परत येऊन वाजणारा रेकॉर्ड केलेला धडा वेगळा आणि शिक्षकाने स्वतः लावलेला फोन वेगळा. एक सांगण्यासाठी असतो, दुसरा ऐकण्यासाठी.

उदाहरण घेऊ तिसरीतल्या वजाबाकीचं: ५२ वजा २७.

रेकॉर्डिंग तीन मिनिटांचं ठेवावं. समोर फळा नाही, तेव्हा ‘वरच्या ओळीत बघा’ हे वाक्य बाद. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तयार ठेवायला आदल्या दिवशीच्या धड्याच्या शेवटी सांगावं. मग, “सात काढायला सुट्या पुरत नाहीत, एक गठ्ठा सोड. आता सुट्या किती? मोज.” इथे पंधरा सेकंद थांबायचं. पार शांतता ठेवली तर फोन कटला समजून पोरगं ठेवून देतं, म्हणून मागे टेबलावर बोटाची हळू टिकटिक चालू राहू द्यावी.

आता समजा एकाचं उत्तर ३५ आलं. रेकॉर्डिंगला ते कळत नाही. फोनवर मात्र मॅडम विचारतात, “कसं काढलंस रे?”

“सातातून दोन गेले त पाच, पाचातून दोन गेले त तीन.”

म्हणजे हा मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय, मग तो वर असो की खाली. दुसऱ्या मुलीचंही ३५च येतं. पण तिने गठ्ठा सोडला, बारातून सात काढले, फक्त गठ्ठे चारच उरलेत हे विसरली. उत्तर एक, चुका दोन. पहिल्याला पुन्हा काड्यांकडे न्यावं लागतं, दुसरीला “गठ्ठे मोज बरं” एवढं पुरतं. मॅडमनी फोनवर तोच धडा पुन्हा वाचून दाखवला असता, तर यातलं काहीच कळलं नसतं.

हे ऐकलं की रेकॉर्डिंगमधला प्रश्न बदलता येतो. ५३ वजा २७ विचारा: बरोबर उत्तर २६, पहिल्या चुकीचं ३४, दुसरीचं ३६. आता ‘२६ आलं तर एक दाबा, ३४ आलं तर दोन, ३६ आलं तर तीन’ असं विचारण्यात अर्थ आहे. बटन दाबायला फोन कानापासून दूर जातो, म्हणून त्यानंतर थोडं थांबून पुढचं वाक्य बोलावं.

२०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानात काही घरांना नुसते गणिताचे एसएमएस गेले, काहींना त्याशिवाय आठवड्याला १५-२० मिनिटांचा फोन. फोनवाल्या मुलांचं गणित सुधारलं, नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. (एसएमएस म्हणजे आवाज नव्हे, पण तोही एकतर्फीच.)

अडचण वेळेची. पंचवीस मुलं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. तेही बाप वावरातून परतल्यावरचे. म्हणून मी आधी चार-पाच पोरांना फोन लावते, त्यांच्या चुका वहीत टिपते, आणि रेकॉर्डिंग त्यानंतर करते.