फर्निश्ड फ्लॅटमधली गादी बसली आहे? नवी घेण्याआधी हे वाचा

लातुरात ट्यूशनसाठी मुलांना घेऊन राहणारे पालक आमच्याकडे गादी घ्यायला आले, की आम्ही आधी विचारतो: करारातल्या सामानाच्या यादीत गादी लिहिली आहे का? असेल तर ती घरमालकांची आहे आणि तिच्या वापराचे पैसे तुम्ही भाड्यातून देताच आहात. स्वतःचा खर्च करण्याआधी त्यांच्याशी बोला.

बोलण्याआधी तपासून घ्या. गादी उचलून पलंगाचा प्लाय बघा. प्लायच वाकला असेल तर नवी गादीही तशीच बसेल. प्लाय ठीक असेल तर गादी सपाट फरशीवर टाका, रुंदीवर सुतळी ताणून धरा आणि खड्ड्यात पट्टी उभी करून मोजा. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर गादी डोक्या-पायाकडून फिरवून चालते. दीड इंचाच्या पुढे गेला असेल तर फोम किंवा काथ्या दबून गेलेला असतो, तो पुन्हा वर येत नाही. कापसाची गादी मात्र पिंजून भरता येते. तिथे नवी मागणं बरोबर नाही. सोफ्याचंही बहुतेकदा सीटचा फोम आणि खालचे पट्टे बदलून भागतं.

पट्टीसह फोटो काढा आणि मालकांना साधं लिहा: ‘काका, नमस्कार. बेडरूममधल्या गादीत डावीकडे दोन इंचाचा खड्डा पडलाय, फोटो पाठवतोय. प्लाय ठीक आहे. आम्ही जूनमध्ये आलो तेव्हाही ती बसलेलीच होती. बदलून देता का?’ आल्या दिवशी काढलेला फोटो असेल तर तोही जोडा, कारण वाद नेमका तिथेच होतो.

नेहमीच्या वापराने झालेली झीज मालकांनी सोसायची, हे आम्हाला रास्त वाटतं. इस्त्रीने जळली, फाटली, पाणी सांडून कुजली तर भरपाई तुमची. पण तीही जुन्या गादीचीच. समजा 9,000 रुपयांची गादी सहा वर्षं टिकते असं धरलं आणि ती पाच वर्षं वापरलेली आहे. मग तिची उरलेली किंमत 1,500 रुपये होते. डिपॉझिटमधून नव्या गादीचे पूर्ण पैसे कापायला निघाले तर हा हिशोब मांडा.

मालक टाळाटाळ करत असले तरी परस्पर भाडं कापू नका. करारात तशी मुभा नसेल तर थकबाकीदार तुम्हीच ठरू शकता. जुनी गादीही त्यांना न विचारता टाकू नका. मालक चार इंची द्यायला तयार आहेत आणि तुम्हाला सहा इंची हवी आहे, तर फरक तुम्ही भरा, पण घर सोडताना ती कोणाकडे राहणार हे आधीच मेसेजवर लिहून घ्या. आम्ही पावती तुम्ही सांगाल त्या नावाने करतो. पैसे मालकांचे असतील तर पावती त्यांच्याच नावाने करून घ्या.