हिमगोळा व हिमलोट (कर्जफेड पद्धती)

एकाच वेळी चालू असलेली अनेक छोटी कर्जे कोणत्या क्रमाने मिटवावीत, याच्या दोन पद्धती. दोन्हींत सर्व कर्जांचे किमान हप्ते चालू ठेवायचे असतात. फरक उरलेली जादा रक्कम कुठे घालायची एवढाच. हिमगोळा (स्नोबॉल) पद्धतीत ती सर्वांत लहान बाकीवर जाते, हिमलोट (अ‍ॅव्हलांश) पद्धतीत सर्वांत चढ्या व्याजदरावर. ही नावे अमेरिकेतून आली. पहिली पद्धत डेव्ह रॅम्से या रेडिओ-निवेदकाने बहुधा १९९० नंतर लोकप्रिय केली, पण लहान देणे आधी फेडण्याचा रिवाज त्याहून जुना असावा. दुसऱ्या नावाचा कर्ता निश्चित सांगता येत नाही.

सांगली-साताऱ्याकडे तुलनेआधी दर एका मापात आणावे लागतात. बचत गट आणि सावकार दर ‘शेकडा रुपया’ असा महिन्याचा बोलतात, पतसंस्था वर्षाचा. ‘तीन रुपये शेकडा’ म्हणजे वर्षाला ३६ टक्के; २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरवलेल्या मर्यादेपेक्षा हा दर बराच जास्त आहे. वस्तूच्या हप्त्यांवर बहुधा ‘फ्लॅट’ दर असतो, म्हणजे बाकी घटली तरी व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच धरतात. दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट घेतले, तर घटत्या बाकीवर तो सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. मात्र मुदतीआधी फेडूनही पुढचे व्याज सुटत नसेल, तर त्या कर्जात जादा पैसे घालून काहीच वाचत नाही. दर कितीही असो, ते रांगेत शेवटी जाते. हे करारातील मुदतपूर्व फेडीच्या अटीवरून कळते.

समजा, तासगावच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंवर गटाचे ६,००० रुपये (एक रुपया शेकडा) आणि खाजगी २०,००० (तीन रुपये शेकडा) आहेत. महिन्याला २,६६० रुपये निघतात. पहिल्या महिन्यात त्यातले ६६० व्याजातच जातात. किमान हप्ता म्हणजे त्या कर्जाचे त्या महिन्याचे व्याज, असे धरू. गट आधी मिटवला तर तो तिसऱ्या महिन्यात संपतो आणि एकूण व्याज सुमारे ४,९१० होते. खाजगी कर्ज आधी घेतले तर पहिले खाते नवव्या महिन्यात बंद होते, व्याज सुमारे ३,७१० पडते. दोन्ही मार्गांनी सुटका बाराव्या महिन्यातच. सहा महिने आधी एक खाते बंद झाल्याची किंमत म्हणजे हे १,२०० रुपये.

ती द्यावी का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. डॅन एरिअली व सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगांत लोक लहान खाती बंद करण्याच्या नादात जास्त व्याज भरताना आढळले. गॅल व मॅकशेन (२०१२) यांना मात्र खाती बंद होण्याचा संबंध कर्जमुक्तीशी दिसला. दोन्ही निष्कर्ष अमेरिकेतले. दरांत दोन-चार टक्क्यांचाच फरक असेल तर हिमगोळ्याचा तोटा किरकोळ राहतो. वरच्यासारखा तिप्पट फरक असताना हिमलोटच अधिक ग्राह्य वाटतो.

गटाचे कर्ज मिटले की काही ठिकाणी लगेच नवे मिळते. ते उचलले, तर वरचा हिशेब लागू होत नाही.